बढती नाकारण्याचा अर्ज

शिक्षकाच्या घरी संध्याकाळी लोक कागद घेऊन येतात, हे पनवेलसारख्या गावात अजून चालू आहे. कुणाला शाळा सोडल्याच्या दाखल्यातले आडनाव दुरुस्त करून हवे असते, तर कुणाला बँकेला पत्र लिहायचे असते. उर्दू आणि मराठी दोन्ही येते म्हणून आमच्याकडे जरा जास्तच येतात. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, मगरिबनंतर, आमच्या शाळेतल्या एका मुलीचे अब्बा आणि अम्मी असे दोघे आले. भाई मध्य रेल्वेत कारकुनी पदावर आहेत, नोकरीला अठरा वर्षे झालेली. चहा घ्यायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला.

"आपा, हा मेसेज साहेबांना पाठवायचा आहे. एकदा बघून द्या. पाठवला की विषय संपला."

मेसेज असा होता: "सर, माफ करा. अम्मीची तब्येत बरी नाही, त्यामुळे मी कुठेच जाऊ शकत नाही. मला बढती नको. नाराज होऊ नका."

त्यांना वरच्या पदावर बढती मिळाली होती आणि नेमणूक भुसावळला होती. त्यांच्या विभागाची ज्येष्ठता यादी अनेक शहरांसाठी एकच असल्यामुळे जागा जिथे रिकामी, तिथे जावे लागते. पनवेलहून भुसावळ म्हणजे रात्रभराची गाडी. घरात त्यांच्या अम्मींना लकवा झालेला, उजवी बाजू पूर्ण गेलेली, सात महिने अंथरुणावर. एक भाऊ कुवेतला, बहीण महाडला सासरी.

आम्ही म्हटले, "भाई, हा मेसेज आज पाठवू नका. आधी आदेशाचा कागद दाखवा, मग अम्मींचा दिवस कसा जातो ते सांगा."

दिवसाचे भाभींनी सांगितले. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. एक झाली होती, ती भरायला दीड महिना लागला. पाणी घशात अडकते म्हणून घट्ट करून चमच्याने पाजायचे. आंघोळ, कपडे आणि खुर्चीत बसवणे ही तीन कामे एका माणसाची नाहीतच. भाभींच्या मणक्याचा त्रास आधीपासूनचा, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली. भाई सकाळी ड्यूटीला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर अम्मींना उचलतात, रात्रीच्या दोन पाळ्या तेच करतात. मधल्या वेळेला शेजारची एक मुलगी हात लावते. दिवसभरासाठी बाई ठेवायची चौकशी झाली होती. तिने महिना पंधरा हजार मागितले, तेही रात्र सोडून.

हे सगळे ऐकताना आमच्या लक्षात आले, की मेसेजमध्ये यातले काहीच नव्हते. "तब्येत बरी नाही" एवढेच होते, आणि तब्येत तर सर्दीनेही बरी नसते.

आता मुद्द्यावर येऊ. बढती नाकारणे ही साहेबांना कळवायची खाजगी गोष्ट वाटते, पण सरकारी नोकरीत त्याचे नियम ठरलेले आहेत. रेल्वेचे नियम इंडियन रेल्वे एस्टॅब्लिशमेंट मॅन्युअल या पुस्तकाच्या पहिल्या खंडात, परिच्छेद २२४ मध्ये आहेत. त्या परिच्छेदात बढतीची पदे दोन प्रकारची धरली आहेत. एक सिलेक्शनची, म्हणजे परीक्षा वा निवड होऊन पॅनेल बनते ती. दुसरी नॉन-सिलेक्शनची, म्हणजे ज्येष्ठता आणि योग्यता पाहून दिली जातात ती. भाईंचे पद दुसऱ्या प्रकारातले होते. अशा पदाला नकार दिला तर एक वर्ष बढतीसाठी विचार होत नाही. मात्र त्याच वाक्यात पुढे असे आहे, की अटळ घरगुती कारणे असतील तर त्या एका वर्षात कर्मचाऱ्याला त्या ठिकाणाहून हलवू नये.

आमच्या मते सगळा अर्ज या "अटळ घरगुती कारणे" शब्दांवर उभा राहायला हवा. कारण कागदावर आलेच नाही, किंवा आले पण अटळ वाटले नाही, तर वर्षाची बंदी तर पदरात पडते आणि पनवेलला राहण्याचा आधार मात्र कच्चा राहतो. म्हणजे बढती गेली आणि बदलीची टांगती तलवारही गेली नाही.

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. पुष्कळांना वाटते, लेखी नकार दिला तर रेकॉर्ड खराब होईल, त्यापेक्षा हजर व्हायचेच नाही, आपोआप रद्द होईल. नियम असे मानत नाही. लेखी नकार दिला नाही आणि नव्या जागी हजरही झाला नाही, तरी तो नकारच धरला जातो. आमच्या माहितीतले एक गृहस्थ, दुसऱ्याच एका कार्यालयातले, असेच तीन महिने गप्प राहिले. बढती तर गेलीच, पण पुढे आईच्या आजाराचे कारण सांगायला गेले तेव्हा फाइलमध्ये त्याचा एक कागदही नव्हता. आजार खरा होता, कागद नव्हता.

भाईंना आम्ही विचारले, "नकारच द्यायचा आहे, की थोडी मुदत हवी आहे?" हा प्रश्न ऐकून दोघे एकमेकांकडे बघू लागले. घरगुती अडचणीमुळे बढती थोडी पुढे ढकलण्याची विनंती करता येते. मान्य करणे प्रशासनाच्या हातात असते. घरात लग्न असेल, मुलीची दहावी असेल, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल, तर ही वाट बरी, कारण अडचण कधी संपणार ते सांगता येते. लकव्याचे तसे नाही. फिजिओथेरपीवाला म्हणतो सुधारणा आहे, पण अम्मी कधी उठून बसतील हे तोही सांगत नाही. मुदत मागून ती पाळता आली नाही तर आपलाच शब्द हलका होतो. म्हणून मुदत न मागता या वेळची बढती नाकारायची, असे ठरले.

पण ठरवण्याआधी हिशेब करायला लावला. यात आम्हाला थोडा कठोरपणा करावा लागला, कारण भाई भावनेच्या भरात होते. "अम्मीच्या खिदमतीपुढे पैसा काय!" असे ते म्हणाले, आणि उवैस करनी यांचे उदाहरणही दिले, जे आईच्या सेवेसाठी मदीनेला राहायला गेले नाहीत. उदाहरण आम्हालाही प्रिय आहे. पण आपण काय सोडतो आहोत हे माहीत करून सोडणे वेगळे आणि माहीत नसताना सोडणे वेगळे. दोन वर्षांनी पगाराचा कागद बघून मनात कडवटपणा आला, तर तो अम्मींच्या खाटेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

हिशेब साधा आहे. भाई सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ५ मध्ये, मूळ वेतन ३७,००० रुपये. बढती घेतली तर आधी याच लेव्हलमध्ये एक वेतनवाढ मिळते, म्हणजे ३८,१००, आणि मग लेव्हल ६ मध्ये त्याच्या बरोबरीचा किंवा लगेच वरचा टप्पा दिला जातो. तो ३८,७०० चा. म्हणजे मूळ वेतनात १,७०० रुपयांची वाढ, त्यावर महागाई भत्ता. भुसावळला वेगळी खोली, दर पंधरवड्याला येणे-जाणे आणि इथे अम्मींसाठी पंधरा हजारांची बाई, यांच्यासमोर ही रक्कम ठेवल्यावर भाभी पहिल्यांदा हसल्या.

खरा तोटा मात्र दुसरीकडे होता, आणि तो त्यांना कुणी सांगितला नव्हता. केंद्र सरकारच्या नोकरीत ‘एमएसीपी’ नावाची योजना आहे. बढती न मिळता माणूस एकाच जागी अडकून राहू नये म्हणून १०, २० आणि ३० वर्षांनी वेतनाची पुढची लेव्हल त्यातून मिळते. भाईंना आजवर एकच बढती मिळालेली, नोकरीची अठरा वर्षे झालेली. आणखी दोन वर्षांनी, काही न करता, पनवेलमध्येच बसून, त्यांना लेव्हल ६ चा पगार या योजनेतून मिळायचा होता. पण योजनेची अट अशी आहे, की हा लाभ लागू होण्याआधी कर्मचाऱ्याने नियमित बढती नाकारली असेल तर लाभ मिळत नाही, कारण मग त्याला संधी नव्हती असे म्हणता येत नाही. लाभ आधीच मिळालेला असेल आणि त्यानंतर बढती नाकारली, तर मिळालेला काढून घेत नाहीत. फक्त पुढचा लाभ बंदीच्या काळाइतका लांबतो आणि बढतीसाठी पुन्हा तयार असल्याचे सांगेपर्यंत थांबतो.

म्हणजे अठराव्या वर्षी नाकारणे आणि एकविसाव्या वर्षी नाकारणे यांत मोठा फरक आहे. नकार तोच, पण किंमत वेगळी. बढतीचा आदेश कधी येईल हे आपल्या हातात नसते, तरी आपले दहावे, विसावे, तिसावे वर्ष कोणत्या महिन्यात पुरे होते हे प्रत्येकाने कार्यालयातल्या आस्थापना शाखेत विचारून ठेवावे. भाई दुसऱ्या दिवशी विचारून आले. रात्री पुन्हा बसलो तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग भाभीच म्हणाल्या, "दोन वर्षांनी मिळणारे पैसे आज अम्मींची कूस बदलणार नाहीत." विषय तिथे संपला, आणि लिहायला घेतले.

मेसेजमधले "कुठेच जाऊ शकत नाही" आधी काढले. ज्या नोकरीत बदली ही सेवेची अट आहे, तिथे असे लिहिणे म्हणजे अटच नाकारणे. "मला बढती नको" हेही काढले, कारण ते कायमचे वाटते. नकार या आदेशापुरता, या ठिकाणापुरता आणि या परिस्थितीपुरता आहे, असे शब्दांत दिसले पाहिजे. माफीही काढली. माफी चुकीची मागतात. आजारी आईची देखभाल ही चूक नव्हे.

उलट भाईंना पाच-सहा कारणे घालायची होती: मुलीची शाळा, भाभींचा मणका, घराचे कर्ज, भुसावळचा उन्हाळा. उन्हाळा वाचून आम्हाला हसू आवरले नाही. एक भक्कम कारण चार लहान कारणांच्या शेजारी ठेवले की तेही लहान दिसते. भाभींचा मणका मात्र ठेवला, कारण "घरात दुसरे कुणी नाही का?" हा प्रश्न अधिकारी विचारणारच. त्यांचा दुसरा प्रश्न, "आईला सोबत का नेत नाही?" याचेही उत्तर अर्जातच द्यायचे ठरवले.

कार्यालयात अर्ज हिंदीत गेला. मराठीत तो असा होता:

"विषय: भुसावळ येथील पदोन्नती घरगुती कारणामुळे सध्या स्वीकारता येत नसल्याबाबत.

संदर्भ: आपला आदेश क्रमांक व दिनांक.

महोदय, वरील आदेशाने मला पदोन्नती देऊन भुसावळ येथे नेमण्यात आले आहे. या संधीबद्दल मी आभारी आहे. माझ्या आईला सात महिन्यांपूर्वी लकवा झाला असून शरीराची उजवी बाजू निकामी आहे. ती पूर्णपणे अंथरुणावर आहे. दिवसरात्र दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते व उचलण्यासाठी दोन माणसे लागतात. माझ्या पत्नीला मणक्याच्या आजारामुळे वजन उचलण्यास वैद्यकीय मनाई आहे. माझा भाऊ परदेशी व बहीण सासरी असल्याने देखभाल करणारा मी एकटाच आहे. आईचे उपचार पनवेल येथे चालू आहेत व सध्याच्या स्थितीत तिला दूरचा प्रवास करू नये असे डॉक्टरांचे मत आहे. या अटळ घरगुती कारणामुळे मला या वेळी ही पदोन्नती स्वीकारता येत नाही. नियमानुसार होणाऱ्या परिणामांची मला कल्पना आहे. मला सध्याच्या पदावर पनवेल येथेच ठेवावे, ही विनंती. परिस्थिती बदलल्यास नियमानुसार पदोन्नतीसाठी माझा विचार व्हावा. सोबत: आईचा डिस्चार्ज कागद, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पत्नीचा वैद्यकीय सल्ला."

"परिणामांची मला कल्पना आहे" या वाक्यावर भाई अडले. स्वतःहून का मान्य करायचे? आमचे म्हणणे असे, की बंदी तर नियमाने होणारच आहे. ते वाक्य असले की वाचणाऱ्याला कळते, हा माणूस घाईत नाही आणि उद्या तक्रार घेऊन येणार नाही. फाइल सही होऊन पुढे सरकते. यावर कुणाचे वेगळे मत असू शकते.

"आदेश स्वीकारतो, पण पनवेललाच द्या" असे लिहावे असा मशवरा भाईंच्या एका सहकाऱ्याने दिला होता. ऐकायला बरे वाटते, पण अट घालून दिलेला होकार कार्यालय नकार म्हणूनच वाचण्याची भीती असते, आणि मग अर्जात कारण नीट मांडलेले नसते. पनवेलला किंवा जवळपास जागा रिकामी असल्याची खात्री असेल तर वेगळी विनंती जरूर करावी. तशी जागा नव्हती.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणायला मात्र दोन खेपा झाल्या. पहिल्यात फक्त "उपचार चालू आहेत" असे होते. त्याने काही सिद्ध होत नाही. आजाराचे नाव, कधीपासून, रुग्ण स्वतः काय करू शकत नाही, सतत माणूस लागतो का आणि प्रवास झेपेल का, एवढे असलेले प्रमाणपत्र दुसऱ्या खेपेला मिळाले. डॉक्टर देतात, फक्त काय हवे ते नीट सांगावे लागते.

इथे एक कागद आणखी सांगतो, जो भाईंकडे त्या वेळी नव्हता. केंद्राच्या कार्मिक विभागाने ८ ऑक्टोबर २०१८ रोजी काढलेल्या आदेशाप्रमाणे, दिव्यांग आई-वडील, जोडीदार, मूल किंवा भावंड यांची मुख्य देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून सूट मागता येते. त्यासाठी त्या व्यक्तीचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि सूटही प्रशासनाच्या सोयीच्या मर्यादेत असते. हा आदेश नेहमीच्या बदल्यांसाठी आहे. बढतीबरोबर येणारी बदली त्याने अडेलच असे नाही. तरीही लकव्याने कायमचे अपंगत्व आलेल्या घरी हे प्रमाणपत्र काढून ठेवावे. आजार स्थिरावल्यावरच तपासणी करतात, त्यामुळे काही महिने थांबावे लागते. आपल्या जिल्ह्यात अलिबागचे जिल्हा रुग्णालय हे त्याचे ठिकाण. भाईंनी अर्ज केला आहे.

मोबाइलवरचा मेसेजही शेवटी पाठवला, पण अर्ज दिल्यानंतर आणि तीनच ओळींचा: "सर, अस्सल अर्ज आज कार्यालयात दिला आहे. आईच्या देखभालीमुळे भुसावळची बढती या वेळी घेता येत नाही. सविस्तर अर्जात लिहिले आहे, आपण पाहावा ही विनंती." साहेबांना बातमी दुसऱ्याकडून कळू नये, एवढाच त्याचा उपयोग. अर्जाच्या दोन प्रती केल्या होत्या. दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती घरी आणली. हा शिक्का घ्यायला लोक लाजतात. का लाजतात, कळत नाही.

आमच्या स्वतःच्या पेशात तर याहून कडक आहे. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत, सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापकपद नको असेल तर ते त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागते आणि शिक्षणाधिकाऱ्यांसमोर कायम करावे लागते. एका ज्येष्ठ शिक्षिकेला घरच्या अडचणीसाठी असे लिहून देताना आम्ही पाहिले आहे. हात थरथरत होता, पण कुणी दबाव आणून लिहून घेतले नाही याची खात्री त्यातूनच होते. राज्य सरकारच्या नोकरीत शासन निर्णय वेगळे, बँकांमध्ये प्रत्येक बँकेचे बढती धोरण वेगळे, खाजगी कंपनीत तर नेमणूकपत्र हाच नियम. म्हणून भाईंचा अर्ज जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. बंदी किती काळ, पगारवाढीच्या योजनेवर परिणाम काय आणि नकारानंतर आहे त्या ठिकाणी ठेवतात का, हे तीन प्रश्न आपल्या आस्थापना शाखेत विचारून मगच लेखणी उचलावी.

भाईंना उत्तर पाच आठवड्यांनी आले. एक वर्ष बढतीसाठी विचार नाही, सध्याच्या पदावर पनवेल येथेच ठेवले आहे, एवढाच मजकूर. त्या वर्षात त्यांचे दोन कनिष्ठ सहकारी पुढे गेले आणि ज्येष्ठतेत ते आता त्यांच्या खाली राहतील. वर्ष संपले की बढती पुन्हा येऊ शकते. दुसऱ्यांदा नाकारली तर पुन्हा वर्षाची बंदी, आणि या खेपेला प्रशासन त्यांना आहे त्याच पदावर बाहेरगावी पाठवू शकते. पहिल्या नकाराला मिळते ते संरक्षण दुसऱ्याला नाही. हे भाईंना माहीत आहे. कुवेतच्या भावाशी बोलणे चालू आहे. पुढच्या वेळी तो सहा महिने येऊन राहतो, की बाईचा खर्च उचलतो, हे अजून ठरायचे आहे.

परवा अम्मींना भेटायला गेलो होतो. खुर्चीत बसवलेले होते, डाव्या हाताने स्वतः चमचा धरत होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फिजिओथेरपीचे वार निळ्या शाईने लिहिलेले, आणि एका तारखेला लाल गोल. बंदी त्या दिवशी संपते.